परचेस मॅनेजरला पहिला मेल: उत्तर येईल असा कसा लिहायचा

मी बरीच वर्षं परचेसला बसलो. सकाळी मेल उघडला की ओळखपाळख नसलेल्या पुरवठादारांचे पाच-सात मेल तरी असायचेच, आणि त्यातले बहुतेक मी पहिली ओळ वाचून उडवायचो. आता जळगावला परत आल्यापासून एमआयडीसीतले मित्र आपले मेल दाखवायला आणतात, "भो, पन्नास जणांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही." मेल वाचला की कारण लगेच कळतं. तो कुणा एकाला लिहिलेलाच नसतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. माझ्या एका मित्राचं जळगाव एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. त्याला केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीला बॉक्स द्यायचे होते. कंपनीचं ऑफिस नवी मुंबईला, पॅकहाउस रावेर तालुक्यात. त्याचा पहिला मेल असा होता:

> रिस्पेक्टेड सर, आम्ही खान्देशातील कोरुगेटेड बॉक्सचे अग्रगण्य उत्पादक असून उत्तम दर्जा, वाजवी दर व वेळेवर पुरवठा ही आमची ओळख आहे. आम्ही ३, ५, ७ व ९ प्लाय बॉक्स बनवतो. सोबत कंपनी प्रोफाइल जोडले आहे. आपली बहुमूल्य चौकशी व ऑर्डर मिळावी ही विनंती.

यात खोटं काही नाही. पण हाच मेल दालमिलला, चटईवाल्याला, पाइपवाल्याला, कुणालाही जातो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या शब्दापासून समजतं. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेक जण थेट चौथ्यापासून सुरुवात करतात, म्हणून फसतात.

## टप्पा १ : समोरच्याची अडचण ओळखा

परचेस मॅनेजरला नवा पुरवठादार जोडून बक्षीस मिळत नाही. जुना पुरवठादार बदलला आणि माल खराब निघाला तर मात्र बोलणी त्यालाच खावी लागतात. त्यामुळे "आमचा रेट कमी आहे" या वाक्याने तो हलत नाही. दोन रुपये वाचवण्यासाठी कंटेनरभर केळी पणाला कोण लावणार?

तो हलतो अशा वेळा मोजक्याच. नवं पॅकहाउस सुरू होतंय. हंगामात एकाच पुरवठादारावर भिस्त आहे आणि मागच्या वर्षी त्याची गाडी उशिरा आली होती. मालाबद्दल तक्रार आली आहे. किंवा वरून विचारणा झाली आहे की या वस्तूला दुसरा सोर्स का नाही. यातलं तुमच्या गिऱ्हाइकाला काय लागू पडतं ते मेल लिहिण्याआधी कागदावर एका ओळीत लिहा.

मित्राच्या बाबतीत ते असं होतं: रावेरला नवं पॅकहाउस होतंय, आणि बॉक्स दूरच्या युनिटमधून येतात. कोरुगेटेड बॉक्स वजनाला हलका, पण जागा खाणारा. गाडी वजनाआधी जागेने भरते, त्यामुळे अंतर वाढलं की प्रत्येक बॉक्सवर भाड्याचा बोजा लगेच चढतो. शिवाय ऐन हंगामात दूरची गाडी एक दिवस अडकली तर पॅकहाउसवर कापलेले घड पडून राहतात. जळगावहून रावेर म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. हे त्याचं खरं बळ, आणि पहिल्या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

तपासणी: ही एक ओळ लिहिता येत नसेल तर त्या कंपनीला आज मेल करू नका. तिच्याबद्दल अजून पुरेसं माहीतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा २ : माहिती काढा, पण माणूस अडकवू नका

माहिती कुठून मिळते? कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. "रावेर येथे पॅकहाउस पर्यवेक्षक पाहिजे" एवढ्या एका जाहिरातीत जागा आणि वाढ दोन्ही कळतं. शेतमालाची निर्यात बघणारी सरकारी संस्था अपेडा आपल्या मान्यताप्राप्त पॅकहाउसची यादी प्रसिद्ध करते, ती पाहा. लिंक्डइनवर परचेस, पॅकेजिंग किंवा सप्लाय चेन असं पद शोधा. तिथे नाव सापडलं नाही तर ऑफिसच्या फोनवर सरळ विचारा, "पॅकिंग मटेरियलची खरेदी कोण बघतं? त्यांना मेल करायचा आहे." रिसेप्शनवरचे लोक बऱ्याचदा नाव सांगतात, कारण तुम्ही साहेबांशी बोलायला मागत नाही.

सगळ्यात चांगली माहिती मात्र बॉक्सवरच असते. पुष्कळ बॉक्सच्या तळाच्या फ्लॅपवर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. सावदा-रावेरच्या बाजूला गेलात तर रिकामा, फाटका बॉक्स बघायला मिळणं अवघड नाही. माप घ्या, प्लाय मोजा, कडा किती दबल्या आहेत ते पाहा.

इथे मित्राने जी चूक केली असती ती सांगतो, कारण अशी चूक मी टेबलाच्या पलीकडून अनेकदा पाहिली आहे. त्याला पॅकहाउसवरच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं, की मागच्या हंगामात खालच्या थरातले बॉक्स दबले आणि बोलणी झाली. त्याला मेलची सुरुवात अशी करायची होती: "आपल्याकडे बॉक्स दबल्याच्या तक्रारी आल्याचे समजले."

मी म्हटलं, हे लिहिलंस की तीन गोष्टी एकदम होतील. पहिली, साहेब शोधतील की बाहेर कोण बोललं, आणि तुझा ओळखीचा माणूस अडकेल. दुसरी, तो बॉक्स साहेबांनीच निवडलेला आहे. म्हणजे तू पहिल्याच ओळीत त्यांची चूक दाखवतोयस. तिसरी, ते आता उत्तर लिहिणारच नाहीत, कारण उत्तर देणं म्हणजे तक्रार लेखी मान्य करणं.

कानावर आलेल्या गोष्टीचा उपयोग काय बोलायचं ते ठरवण्यासाठी करा. मेलमध्ये ती लिहू नका. दबण्याचा प्रश्न माहीत आहे ना, मग तुमच्या बॉक्सची दबण्याची चाचणी करून घ्या आणि तेवढंच सांगा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

इशारा: सध्याच्या पुरवठादाराचं नाव फ्लॅपवर वाचलं असेल तरी मेलमध्ये घेऊ नका, नावं तर अजिबात ठेवू नका. त्यांचे संबंध दहा वर्षांचे असू शकतात.

## टप्पा ३ : सांगण्यासारखी एकच गोष्ट तयार करा

"उत्तम दर्जा" म्हणजे काय ते मोजून दाखवता येत नसेल तर ते शब्द रिकामे आहेत. पहिल्या मेलमध्ये मोजलेली एक गोष्ट पुरते, पण ती समोरच्याच्या कामाची हवी.

आपल्याकडे बॉक्सची बोली जीएसएम आणि बीएफवर चालते, म्हणजे कागदाचं वजन आणि फुटण्याला विरोध. पण कंटेनरमध्ये बॉक्स सहसा फुटत नाही, दबतो. केळीचा रीफर कंटेनर साधारण १३ ते १४ अंशांवर चालतो आणि आत हवा ९० टक्क्यांच्या वर दमट असते. क्राफ्ट कागद ती ओल पितो आणि बॉक्सची उभी ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून या गिऱ्हाइकासाठी कामाचा आकडा कोणता, तर दमट हवेत ठेवल्यानंतरची कॉम्प्रेशन ताकद.

मित्राला हिशेब असा करून दाखवला. केळी १३.५ किलो, बॉक्स आणि आतली पॉलिथिन धरून साधारण १५ किलो. दहाचा थर लागला तर तळच्या बॉक्सवर नऊ बॉक्सचं ओझं, म्हणजे १३५ किलो. हे ओझं घटकाभराचं नसतं, जहाजात आठवडा-आठवडा तसंच राहतं आणि वर हादरे बसतात. म्हणून दमट अवस्थेत निदान दुपटीएवढी, म्हणजे २७० किलोच्या आसपास ताकद हवी. त्याने बाहेरच्या प्रयोगशाळेतून चाचणी करून घेतली. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडेही अशा चाचण्या होतात. कोरडा बॉक्स ५६० किलोला दबला, चोवीस तास दमट हवेत ठेवलेला २९० किलोला. म्हणजे जमलं, पण फार मोकळीक नाही.

आकडा कमी आला असता तर? तर मेल थांबवून आधी बाहेरचा कागद आणि पेस्ट बदलायला हवी होती. काही जण अशा वेळी फक्त कोरडा आकडा लिहून मोकळे होतात. जाणकार परचेसवाला पुढचाच प्रश्न दमट आकड्याचा विचारतो, आणि तिथे विषय संपतो.

तुमचा माल वेगळा असेल तर आकडा वेगळा येईल. हरभरा डाळ नमकीनवाल्याला द्यायची असेल तर ओलावा आणि तुकड्याचं प्रमाण, मशीनचा पार्ट असेल तर मापातली तफावत. शोधायची गोष्ट तीच: कोणता आकडा बिघडला की परचेसवाल्याला फोन येतो?

तपासणी: आकड्याच्या मागे तारीख असलेला रिपोर्ट आहे का? तो आज मागितला तर आजच पाठवता येईल का?

## टप्पा ४ : मेल लिहा

आधी विषयाची ओळ. परचेस मॅनेजर मोबाइलवर फक्त तेवढीच बघतो आणि ठरवतो. "बिझनेस प्रपोजल", "रिक्वेस्ट फॉर एन्क्वायरी", "इंट्रोडक्शन लेटर" या ओळी म्हणजे थेट कचरापेटी. त्याच्या कामातली जागा, वस्तू आणि तुमचं ठिकाण एवढं लिहा. सुरुवातीला खोटं "Re:" लावू नका. उघडल्यावर जुना पत्रव्यवहार दिसत नाही, आणि फसवल्याचा राग राहतो.

मेल इंग्रजीत की मराठीत? साहेब मराठी असले तरी मेल पुढे गुणवत्ता विभागाला किंवा मालकांना फॉरवर्ड होणार असेल तर साधी इंग्रजी बरी. मालक-मॅनेजर सगळे इथलेच असतील तर मराठीत बिनधास्त लिहा. मित्राने पाठवला इंग्रजीत, खाली त्याचं मराठी रूप देतोय:

> विषय: रावेर पॅकहाउससाठी १३.५ किलोचा केळी बॉक्स, जळगावहून
>
> नमस्कार (आडनाव) सर,
>
> रावेरच्या नव्या पॅकहाउससाठी पर्यवेक्षक हवा असल्याची तुमची जाहिरात वाचली. तिथून दीड-दोन तासांवर, जळगाव एमआयडीसीत, आमचं कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे.
>
> आमच्या ५-प्लाय केळी बॉक्सची आम्ही या महिन्यात कॉम्प्रेशन चाचणी करून घेतली. कोरडा बॉक्स ५६० किलोला दबला, रीफरसारख्या दमट हवेत चोवीस तास ठेवलेला २९० किलोला. रिपोर्ट हवा असल्यास पाठवतो.
>
> तुमचा मुख्य पुरवठादार ठरलेला असेल. आमचा विचार दुसरा सोर्स म्हणून व्हावा एवढंच म्हणणं आहे. तुमच्या छपाईचे २,००० बॉक्स आम्ही इथे तयार ठेवू शकतो, म्हणजे हंगामात एखादी गाडी अडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते रावेरला उतरतील.
>
> फेब्रुवारीच्या हंगामासाठी तुम्ही दुसऱ्या पुरवठादाराचं सॅम्पल तपासणार आहात का? असल्यास सध्याच्या बॉक्सचं माप आणि प्लाय कळवा. त्याच मापाची पाच सॅम्पल पॅकहाउसवर पोचवतो.
>
> (नाव, पद, युनिटचं नाव, गट/प्लॉट क्रमांक, जळगाव एमआयडीसी, मोबाइल, जीएसटीआयएन)

आता यातल्या जागा बघा. पहिल्या ओळीत जाहिरातीचा उल्लेख आहे, म्हणजे हा मेल दुसऱ्या कुणाला जाऊच शकत नाही. "आपल्या कंपनीचं कार्य पाहून प्रभावित झालो" असली खुशामत नाही. ती वाचून कुणी खूश होत नाही, कारण तीच ओळ रोज दहा जण लिहितात.

"दुसरा सोर्स" हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. नवख्याने सगळी ऑर्डर मागितली की परचेसवाल्याला जुन्याशी भांडण दिसतं. दुसरा सोर्स मागितला की त्याला विमा दिसतो. वाढायचं असेल तर पहिला लॉट नीट गेल्यावर वाढता येतं.

२,००० बॉक्सच्या वाक्यावर आमची बरीच झटापट झाली. मित्राने आधी लिहिलं होतं, "चोवीस तासांत हवी तेवढी क्वांटिटी." मी विचारलं, कागद घरात नसेल तर? छपाईचा ठसा, म्हणजे स्टिरिओ, बनला नसेल तर? मग कळलं की आधी छापून ठेवलेला माल असेल तरच दुसऱ्या दिवशी पोचतो, आणि तेवढा माल अडकवून ठेवायची त्याची ऐपत २,००० चीच आहे. तोच आकडा लिहिला. छोटा आकडा खरा वाटतो, आणि इथे तो खरा होताही.

शेवटचा प्रश्न हो किंवा नाही म्हणता येईल असा आहे. "मीटिंगसाठी वेळ द्यावा" असं पहिल्या मेलमध्ये मागू नका. अर्धा तास देणं त्याला जड, एका ओळीचं उत्तर हलकं. "काही गरज असल्यास कळवा" हा तर प्रश्नच नाही, त्याला उत्तर न देणं हेच उत्तर.

रेट कुठेच नाही. माप माहीत नसताना दिलेला रेट एक तर चढा वाटतो, नाही तर पुढे गळ्यात पडतो. पेमेंटच्या अटीही इथे नकोत. उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांच्या पेमेंटचा विषय त्यांच्या अकाउंट्सला माहीत असतो. तो व्हेंडर फॉर्म भरताना आपोआप निघेल.

इशारा: कंपनी प्रोफाइल, कॅटलॉग, सर्टिफिकेटांचे फोटो जोडू नका. अनोळखी माणसाची मोठी फाइल कुणी उघडत नाही, आणि काही कंपन्यांचं मेल फिल्टर ती अडवतंही. मागितल्यावर पाठवा.

तपासणी: मेलमधलं कंपनीचं नाव मनातल्या मनात पुसून तिथे तिच्या स्पर्धकाचं नाव घाला. मेल तसाच चालला तर तो अजून घाऊकच आहे. आमच्या मेलला हे केलं तर पहिलीच ओळ खोटी पडते. तसंच हवं.

## टप्पा ५ : पाठवण्याआधीची मशागत

चांगला मेल स्पॅममध्ये गेला तर सगळं पाण्यात. युनिटचं स्वतःचं डोमेन असेल तर त्यावरूनच पाठवा. पण आधी त्या डोमेनची SPF आणि DKIM नोंद झाली आहे का ते बघा, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे समोरच्या सर्व्हरला त्यावरूनच पटतं. सोपा मार्ग: त्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला मेल करा, संगणकावर तो उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत `Show original` दाबा. वर `SPF: PASS` आणि `DKIM: PASS` दिसलं पाहिजे. नसेल तर ज्याने वेबसाइट करून दिली त्याला सांगा, तासाभराचं काम आहे. स्वतःचं डोमेन नसेल तर साधा जीमेल चालतो, फक्त पत्त्यात युनिटचं नाव असू द्या.

दुसरी गोष्ट वरवर बारीक आहे, पण माझ्या टेबलावर तिने शेकडो मेल मारले. लोक जुना मेल कॉपी करतात, फक्त साहेबांचं नाव नवं टाकतात, आणि ते नाव वेगळ्या फॉन्टमध्ये, वेगळ्या आकारात उमटतं. स्वतःला दिसत नाही, समोरच्याला पहिलं तेच दिसतं. मेल साध्या नोटपॅडमध्ये लिहून `Ctrl+Shift+V` ने चिकटवा, म्हणजे सगळा मजकूर एकाच रूपात येतो. नाव हाताने टाइप करा आणि स्पेलिंग दोनदा बघा. पाटील आणि पटेल यांत एका माणसाची इभ्रत असते.

एका वेळी एकालाच पाठवा. बीसीसी नको, वाचल्याची पोच मागणारी खूण नको.

## टप्पा ६ : कधी पाठवायचा

यावर फार डोकं लावू नका. सोमवारी सकाळी साचलेले मेल असतात, महिनाअखेरीस डिस्पॅचची धांदल. मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा-अकरा ठीक. दिवसापेक्षा हंगाम महत्त्वाचा. केळीच्या बॉक्ससाठी फेब्रुवारीत मेल करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी शोधणं. सॅम्पल, चाचणी, व्हेंडर नोंदणी, स्टिरिओ यात सहज दोन महिने जातात. मित्राने नोव्हेंबरच्या शेवटी पाठवला.

## टप्पा ७ : उत्तर आलं नाही तर

पाच-सहा कामाचे दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन-तीन ओळी लिहा, आणि त्यात काहीतरी नवं असू द्या. "माझा आधीचा मेल पाहिलात का" हे नवं नाही, ती आठवण नसून तगादा आहे. मित्राने लिहिलं: "याच आठवड्यात आणखी दहा बॉक्सची दमट चाचणी केली, सगळ्यात कमी आकडा २७४ किलो आला. पॅकिंग मटेरियल दुसरं कुणी बघत असेल तर त्यांचं नाव कळवलंत तरी चालेल."

सगळ्यात कमी आकडा लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, सरासरी सगळेच सांगतात, आणि कंटेनर बुडवणारा बॉक्स सरासरीतला नसतो. शेवटच्या वाक्याचाही उपयोग होतो. चुकीच्या माणसाला मेल गेला असेल तर तो एका नावाने सुटतो.

यालाही उत्तर नाही आलं तर थांबा आणि पुढच्या हंगामाआधी नव्या कारणासह लिहा. तिसरा, चौथा मेल, मग व्हॉट्सअ‍ॅपवर "गुड मॉर्निंग सर" असं केलं की तुमचं नाव कायमचं ब्लॉक यादीत जातं.

## टप्पा ८ : उत्तर आलं, आता घाई नेमकी कुठे

उत्तर कधीच लांब नसतं. मित्राला दुसऱ्या मेलच्या तिसऱ्या दिवशी आलं: "स्पेक जोडला आहे. रेट पाठवा." त्याने फोन करून मला विचारलं, आता अर्ध्या तासात रेट टाकतो. मी म्हटलं, आधी जोडलेला स्पेक वाच.

स्पेकमध्ये बीएफ होता, जीएसएम होतं, पण दमट अवस्थेतली ताकद नव्हती. तेवढ्यावर रेट दिला असता तर तो हलक्या कागदाच्या बॉक्सशी तोलला गेला असता आणि हरला असता. म्हणून त्याच दिवशी उत्तर गेलं: मिळालेल्या स्पेकप्रमाणे एक रेट, आणि २९० किलोच्या बॉक्सचा दुसरा रेट, दोन्हीत कागद कुठे वेगळा आहे ते एका ओळीत. दोन्ही रेट रावेर पॅकहाउसपर्यंत पोचवून. खाली एवढंच, की दोन्ही प्रकारची पाच-पाच सॅम्पल गुरुवारी पॅकहाउसवर देतो, कुणाच्या नावाने द्यायची?

उत्तर त्याच दिवशी द्यायचं असेल तर कागदपत्रं मेल पाठवण्याआधीच एका फोल्डरमध्ये हवीत: चाचणी रिपोर्ट, जीएसटी प्रमाणपत्र, कॅन्सल चेक, उद्यम प्रमाणपत्र, आणि कागदाच्या आजच्या भावावर केलेला रेटचा हिशेब. चार दिवसांनी पाठवलेल्या कागदपत्रांवरून परचेसवाला माल किती उशिरा येईल याचा अंदाज बांधतो. मी तरी बांधायचो.

इतर उत्तरंही ओळखून ठेवा. "सध्या गरज नाही" हे नकार नसून बहुतेक वेळा खरंच सध्या गरज नसते. आभार मानून एकच विचारा, पुढच्या हंगामाची खरेदी कोणत्या महिन्यात ठरते, आणि तो महिना वहीत लिहून ठेवा. "व्हेंडर फॉर्म भरा" म्हणजे दार किलकिलं झालं. फॉर्ममधला एकही रकाना रिकामा ठेवू नका, लागू नसेल तिथे तसं लिहा, नाही तर फॉर्म परत येण्यात आठवडा जातो. आणि "रेट जास्त आहे" आलं तर लगेच कमी करू नका. कशाच्या तुलनेत जास्त ते विचारा, कारण समोर ३-प्लायचा रेट असू शकतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

मित्राची सॅम्पल गुरुवारी पोचली. पॅकहाउसवाल्यांनी दोन बॉक्स पाणी मारून रात्रभर वजनाखाली ठेवले. जानेवारीत २,००० बॉक्सची ट्रायल ऑर्डर आली, दुसऱ्या रेटची.